मिस्त्री थांबला, इंजिनिअर का थांबला नाही: शिरोलीतील एका फाउंड्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ सालातले आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या प्रकरणात कंपनीचा वकील होतो. त्यामुळे ज्या चुकांविषयी पुढे लिहिले आहे, त्यांतली एक माझी स्वतःची आहे.

कंपनी म्हणजे शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक मध्यम आकाराची फाउंड्री. ट्रॅक्टर आणि पंप उद्योगासाठी ती ग्रे आयर्न व एस. जी. आयर्नचे कास्टिंग करते. तिचे मालक दुसऱ्या पिढीतले आहेत. २०१५ साली त्यांनी उद्यमनगरातील एका वयस्कर मिस्त्रींचे पॅटर्न शॉप, म्हणजे साचे घडविण्यासाठी लागणारे नमुने बनविणारे दुकान, विकत घेतले होते. एकूण व्यवहार १८ लाखांचा होता. त्यातले ११ लाख यंत्रे, लाकूड आणि तयार पॅटर्न यांचे आणि ७ लाख नावलौकिकाचे, अशी फोड करारपत्रात स्वतंत्रपणे लिहिलेली होती. त्याच करारात मिस्त्रींनी लिहून दिले होते की, कंपनी हा व्यवसाय चालवीत असेपर्यंत कोल्हापूर शहर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या हद्दीत ते पॅटर्न बनविण्याचा धंदा करणार नाहीत. चार वर्षांनी मिस्त्री गोकुळ शिरगावला पुतण्याच्या दुकानात भागीदार म्हणून बसू लागले. कंपनीने नोटीस पाठविली आणि मिस्त्रींनी काही न बोलता भागीदारी सोडली.

ही जुनी गोष्ट आधी सांगण्याचे कारण असे की, पुढचा सारा घोळ तिच्यातूनच सुरू झाला. मालकांच्या मनात पक्के बसले होते की, ‘धंदा करणार नाही’ असे माणसाकडून सहीनिशी लिहून घेतले की तो बांधला जातो.

प्रकरणातील दुसरा पक्ष म्हणजे कंपनीचा मेथडिंग इंजिनिअर. जून २०१७ मध्ये तो नोकरीला लागला. मेथडिंगचे काम बाहेरच्यांना फारसे माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. साच्यात वितळलेला धातू कोठून आत घ्यायचा, तो किती वेगाने जाऊ द्यायचा, थंड होताना धातू आकसतो ती तूट भरून काढण्यासाठी रायझर कोठे आणि केवढा ठेवायचा, कोणत्या जाड भागाला चिल, म्हणजे तो भाग लवकर थंड करणारा धातूचा तुकडा, लावायची, हे सगळे ठरवून कागदावर मांडायचे म्हणजे मेथडिंग. ते चुकले तर कास्टिंग वरून सुबक दिसते आणि मशीन शॉपमध्ये ड्रिल आत गेल्यावर पोकळी उघडी पडते. या इंजिनिअरने ट्रॅक्टरच्या एका हाउसिंगमधील रिबच्या सांध्यावर येणारे श्रिंकेज तीन वेळा मेथड बदलून आटोक्यात आणले होते. त्या कामामुळे कंपनीकडे तो ग्राहक टिकला, असे मालक स्वतःच सांगत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने त्याला सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठविले. फी, राहणे आणि प्रवास मिळून ८६,४०० रुपये खर्च झाला आणि त्याची सर्व बिले जपून ठेवलेली होती. परत आल्यावर त्याच्याकडून एक नवा करार सही करून घेण्यात आला.

करारात काय लिहिले होते

हा करार मालकांना एका परिचिताकडून मिळाला होता. तो मुळात पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी तयार केलेला असावा, कारण एका ठिकाणी ‘सोर्स कोड’ हा शब्द तसाच राहिला होता. आमच्या कामाची कलमे पाच होती.

पहिले, नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव या जिल्ह्यांत कोणत्याही फाउंड्रीत नोकरी किंवा सल्लागाराचे काम करायचे नाही. केल्यास ५ लाख रुपये द्यायचे आणि त्यासाठी दोन कोरे सही केलेले चेक कंपनीकडे ठेवायचे. दुसरे, प्रशिक्षणानंतर ३६ महिने नोकरी करायची, अन्यथा ३ लाख रुपये भरायचे. तिसरे, कंपनीची मेथड शीट, ड्रॉइंग आणि दर यांविषयी गुप्तता राखायची. चौथे, कराराचा भंग केल्यास ग्रॅच्युइटीसह सर्व देणी जप्त होतील. पाचवे, कर्मचाऱ्याची काही तक्रार असल्यास ती तीस दिवसांत लेखी द्यायची, न दिल्यास हक्क संपेल, आणि कोणताही वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात चालेल.

अडचण

२०२४ च्या उन्हाळ्यात इंजिनिअरला कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील दुसऱ्या फाउंड्रीकडून जास्त पगाराची नोकरी मिळाली. त्याने नियमाप्रमाणे नोटीस दिली, नोटीसीचा काळ काम केले आणि ३१ ऑगस्टला तो बाहेर पडला. त्याचा ऑगस्टचा पगार आणि रजेचे पैसे मिळून ६१,००० रुपये कंपनीने रोखले. ग्रॅच्युइटी दिली नाही. रिलिव्हिंग लेटर हवे असेल तर ‘मी दोन वर्षे कोणत्याही फाउंड्रीत काम करणार नाही’ असे हाताने लिहून दे, असे सांगण्यात आले आणि त्याने ते लिहून दिले. शेवटच्या आठवड्यात त्याने कार्यालयीन ईमेलवरून काही मेथड शीट स्वतःच्या खाजगी ईमेलवर पाठविल्याचे कंपनीच्या सर्व्हरवर दिसत होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालक माझ्याकडे आले. करार, चेक आणि ते हस्तलिखित, तिन्ही एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होते. ‘वकीलसाहेब, त्या मिस्त्रीला कागदानं थांबवलंच की आपण. मग ह्याला थांबवायला काय अडचण हाय?’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रश्न सरळ असला तरी उत्तर तसे नव्हते. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ असे सांगते की, ज्या ठरावामुळे कोणत्याही व्यक्तीला कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखले जाते तो ठराव तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे कायद्याने न राबविता येणारा, असतो. याला कलमातच एक अपवाद दिला आहे. जो आपल्या धंद्याचा नावलौकिक विकतो तो, विकत घेणारा तसाच धंदा चालवीत असेपर्यंत, ठरावीक स्थानिक हद्दीत तसा धंदा न करण्याचे वचन देऊ शकतो. मात्र धंद्याचे स्वरूप पाहता ती हद्द न्यायालयाला वाजवी वाटली पाहिजे. मिस्त्रींचा करार या अपवादात तंतोतंत बसत होता. त्यांनी नावलौकिक विकला होता, त्याचे ७ लाख घेतले होते, हद्द तीन ठिकाणांची होती आणि मुदत कंपनीच्या धंद्याला जोडलेली होती. पैसे घेऊन गिऱ्हाईक विकायचे आणि पुन्हा शेजारी दुकान टाकून तेच गिऱ्हाईक ओढायचे, हे होऊ नये म्हणून हा अपवाद आहे. इंजिनिअरने मात्र काहीच विकले नव्हते. त्याने सात वर्षे काम केले आणि त्याचा पगार घेतला. जे कौशल्य त्याच्याजवळ उरले ते त्याचेच होते.

मालकांची पुढची सूचना अशी होती की, दोन वर्षे जास्त वाटत असतील तर सहा महिने करू आणि चार जिल्ह्यांऐवजी फक्त कोल्हापूर ठेवू. ही सूचना जवळजवळ प्रत्येक उद्योजक करतो, म्हणून तिच्यावर थांबतो. इंग्लंडच्या न्यायालयांत असा निर्बंध वाजवी आहे का, हे पाहिले जाते आणि वाजवी असेल तर तो टिकू शकतो. आपल्या कलम २७ मध्ये ती कसोटी नाही. वाजवीपणाचा शब्द फक्त नावलौकिकाच्या अपवादात येतो. निर्बंध अंशतः आहे की पूर्ण, याने फरक पडत नाही, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७४ साली माधव चंदर विरुद्ध राजकुमार दास या प्रकरणात सांगितले आणि ती भूमिका आजपर्यंत बदललेली नाही. १९५८ साली विधि आयोगाने आपल्या तेराव्या अहवालात वाजवी निर्बंधांना वाव द्यावा असे सुचविले होते, पण संसदेने कलम बदलले नाही. म्हणून नोकरी संपल्यानंतरचा दोन वर्षांचा निर्बंध शून्य असेल, तर सहा महिन्यांचाही शून्यच असतो. मुदत कमी केल्याने तो टिकाऊ होत नाही.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांच्या मनातला होता. दावा दाखल करून नव्या नोकरीविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मागायचा. त्यासाठी ते नेहमी ऐकू येणाऱ्या एका निकालाचा आधार घेऊ पाहत होते. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला होता. पण तेथे कर्मचारी पाच वर्षांच्या मुदतीच्या नोकरीत होता आणि मुदत संपण्यापूर्वीच तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. त्याला रोखले गेले ते त्या उरलेल्या मुदतीपुरते. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नये हा निर्बंध व्यापाराला प्रतिबंध मानला जात नाही, कारण त्या काळात मालक त्याचा पगार देत असतो. आमचा इंजिनिअर नोटीस देऊन, ती पूर्ण करून बाहेर पडला होता. वरवरच्या साम्यावरून हा निकाल आपल्या कामाचा ठरवता येणार नव्हता.

दुसरा पर्याय चेक वटविण्याचा. मालकांना हा सर्वांत सोपा वाटत होता. चेक भरायचा, तो परत येईल, मग चेक अनादराची फिर्याद करायची. यात धोका असा की, परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील फिर्याद टिकण्यासाठी चेकच्या मागे कायद्याने वसूल करता येईल असे देणे असावे लागते. शून्य ठरावातून तसे देणे निर्माण होत नाही. कोऱ्या चेकवर ५ लाख लिहून तो भरला असता, तर प्रतिवादीच्या वकिलाने पहिल्याच उलटतपासणीत मूळ करार दाखवला असता.

तिसरा पर्याय प्रशिक्षणाच्या बाँडचा, म्हणजे करारातील दुसऱ्या कलमाचा. हे कलम पहिल्यापेक्षा वेगळे होते. ते इंजिनिअरला धंदा करण्यापासून रोखत नव्हते, फक्त कंपनीने केलेल्या खर्चाच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी मागत होते. मात्र बाँडमधला ३ लाखांचा आकडा जसाच्या तसा मिळणार नव्हता. करारात भंगाची रक्कम नमूद असली तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार न्यायालय तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते आणि जेथे नुकसान मोजता येते तेथे ते दाखवावे लागते. आमच्याकडे बिले होती ती ८६,४०० रुपयांची.

चौथा पर्याय गुप्ततेच्या कलमाचा. माझ्या मते खरे बळ येथे होते. पण कोणत्या गोष्टी गुप्त, हे आधी निवडावे लागणार होते. जाड भाग उशिरा थंड होतो, तेथे चिल लागते, रायझरची मान बारीक असली तर ती आधी गोठते आणि आतला भाग उपाशी राहतो, या गोष्टी फाउंड्रीत दोन वर्षे काढलेला आयटीआयचा मुलगाही सांगतो. त्या कोणाची गुपिते नव्हेत. ट्रॅक्टर कंपनीचे हाउसिंगचे ड्रॉइंग तर आमचेसुद्धा नव्हते, ते ग्राहकाचे होते. पण त्या हाउसिंगसाठी तीन वेळा नापास होऊन चौथ्यांदा ठरलेली मेथड शीट, तिच्यातील रायझरची मापे आणि चिलच्या जागा, हे कंपनीच्या पैशाने आणि भंगाराने मिळविलेले ज्ञान होते. ते कागदावर होते आणि कागद बाहेर गेला होता.

पहिला निर्णय: नोटीस

येथे मी चुकलो. माझा सल्ला असा होता की, फक्त तिसरा आणि चौथा पर्याय धरून इंजिनिअरला नोटीस पाठवावी. मालकांचा आग्रह असा होता की, दोन वर्षांच्या निर्बंधाचा उल्लेख नसेल तर नोटीसीला वजन येणार नाही, आणि नोटीस नव्या फाउंड्रीलाही जायला हवी. ‘तो टिकणार नाही, पण दबाव म्हणून राहू द्या’ असे म्हणून मी ते मान्य केले. १२ सप्टेंबरला दोघांनाही नोटीस गेली आणि तिच्यात सर्व पाच कलमे, ५ लाखांची मागणी आणि ‘सदर व्यक्तीस कामावर ठेवू नये’ हे वाक्य होते.

परिणाम आठवड्यात दिसला. नव्या फाउंड्रीच्या मनुष्यबळ विभागाने इंजिनिअरचे रुजू होणे तीन आठवडे थांबविले. त्याच्या वकिलाचे उत्तर सहा पानांचे आले आणि ते चांगले होते. कलम २७ चा मुद्दा पहिल्या पानावर होता. त्यानंतर त्यांनी आमच्याच करारातील बाकीची कलमे एकेक करून उघडी पाडली. तीस दिवसांत तक्रार न केल्यास हक्क संपेल, हे करार अधिनियमाच्या कलम २८ खाली शून्य आहे, कारण १९९७ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक मुदत संपताच हक्कच नाहीसा करणारा ठरावही त्या कलमाच्या कक्षेत येतो. वाद पुण्यातच चालेल हेही चालणार नाही. दोन न्यायालयांना अधिकार असेल तर पक्षकार त्यांतले एक निवडू शकतात, पण येथे करार शिरोलीत झाला, नोकरी शिरोलीत झाली आणि दोन्ही पक्ष कोल्हापूरचे आहेत. ज्या न्यायालयाला अधिकारच नाही त्याला तो संमतीने देता येत नाही. ग्रॅच्युइटी जप्तीचे कलम तर ग्रॅच्युइटीच्या कायद्याच्या विरोधात होते. तो कायदा करारापेक्षा वरचढ होता आणि कर्मचारी राजीनामा देऊन गेला म्हणून ती अडवून ठेवता येत नव्हती. शेवटच्या परिच्छेदात तीन आठवड्यांच्या बुडालेल्या पगाराची भरपाई मागितली होती आणि ती मागणी माझ्या नोटीसीतल्या त्या एका वाक्यावर उभी होती.

हस्तलिखिताविषयी त्यांनी दोन वेगळे मुद्दे घेतले होते. ते गोंधळू नयेत असे आहेत. एक, ते दबावाखाली घेतले असल्याने शून्यकरणीय आहे, म्हणजे इंजिनिअरची इच्छा असेल तर तो ते रद्द करून घेऊ शकतो, तोवर ते उभे राहते. दोन, त्याचा आशयच कलम २७ च्या विरुद्ध असल्याने ते मुळातच शून्य आहे, म्हणजे दबाव होता की नव्हता हे सिद्ध करण्याचीसुद्धा गरज नाही. शिवाय, रिलिव्हिंग लेटर हे कंपनीचे उपकार नव्हते, ते देणे तिच्यावर होते. त्यामुळे त्या वचनाच्या बदल्यात कंपनीने नवे काही दिले, असे म्हणायलाही जागा नव्हती.

मालकांनी उत्तर वाचून विचारले, ‘मग हा करार बेकायदा केला का आम्ही? गुन्हा तर नाही ना?’ गुन्हा नव्हता. शून्य ठरावावर सही घेतली म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. न्यायालय फक्त तो राबवत नाही. आणि ‘तेवढ्यापुरता’ हा शब्द कंपनीच्या बाजूनेही काम करतो. निर्बंधाचे कलम शून्य ठरले म्हणून गुप्ततेचे कलम किंवा बाँड त्याच्याबरोबर बुडत नाही, जर ती कलमे वेगळी करता येत असतील तर.

दुसरा निर्णय: न्यायालयात काय मागायचे

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. या वेळी मागण्या दोनच ठेवाव्यात असे मी ठरविले होते, पण मालकांच्या आग्रहाने नोकरीविरुद्धची मनाईही तिसरी मागणी म्हणून राहिली. तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या अर्जावर सुनावणी झाली तेव्हा न्यायाधीशांनी मला पहिलाच प्रश्न विचारला.

‘प्रतिवादी आज आपल्याकडे नोकरीला आहेत का?’

‘नाही.’

‘नोटीसीचा कालावधी पूर्ण केला?’

‘होय.’

‘मग गोलिकरी कसा लागू होतो?’

मी जे शक्य होते ते सांगितले, पण त्या प्रश्नानंतर तिसऱ्या मागणीत प्राण उरला नव्हता. प्रतिवादीच्या वकिलांनी सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई हा १९८० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवला. तो मांडताना त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, तेथे बहुमताचा निर्णय करारातील ‘सोडून जाणे’ या शब्दाच्या अर्थावर आला होता आणि कलम २७ वरची सविस्तर चर्चा न्यायमूर्ती सेन यांच्या निकालपत्रात आहे. म्हणून त्यांनी जोडीला २००६ चा परसेप्ट डी-मार्क विरुद्ध झहीर खान हा निकाल दिला. क्रिकेटपटूने आपल्या व्यवस्थापन कंपनीशी केलेला करार संपल्यानंतरही त्याला बांधून ठेवणारे कलम तेथे चालले नव्हते आणि करार संपल्यानंतरच्या निर्बंधाची ही तत्त्वे केवळ नोकरीच्या करारापुरती नाहीत, हेही तेथे स्पष्ट झाले होते.

आमचा गुप्ततेचा मुद्दा मात्र ऐकला गेला. ईमेलच्या नोंदी आम्ही प्रतिज्ञापत्रासह दिल्या. एकूण ९ शीट गेल्या होत्या. त्यांतील दोन सर्वसाधारण तपासणी याद्या होत्या, त्या आम्ही स्वतःहून सोडून दिल्या. उरलेल्या सातांची यादी कास्टिंगच्या पार्ट क्रमांकासह जोडली. ‘कंपनीची सर्व तांत्रिक माहिती’ असे मोघम मागितले असते तर प्रतिवादीला आपण नेमके काय करायचे नाही हे कळले नसते आणि न्यायालयालाही हुकूम देता आला नसता. यादी हाती आल्यावर प्रतिवादीच्या वकिलांनीच निवेदन केले की, सातही शीट परत करू, खाजगी ईमेलमधून काढून टाकू आणि त्या नव्या नोकरीत वापरणार नाही. न्यायालयाने ते निवेदन नोंदवून घेतले आणि नोकरीविरुद्धची तात्पुरती मनाई नाकारली.

निष्पत्ती

जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोडीची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दिली. प्रशिक्षणाचा हिशेब आम्ही साध्या प्रमाणाने केला. खर्च ८६,४०० रुपये, मुदत ३६ महिने, म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. नोव्हेंबर २०२२ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत २२ महिने नोकरी झाली होती, १४ महिने राहिले होते. देणे झाले ३३,६०० रुपये. ३ लाखांच्या आकड्यावरून येथे यायला मालकांना दोन बैठका लागल्या. पण बिलांबाहेरचा एकही रुपया सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी शेवटी मान्य केले.

कंपनीकडून इंजिनिअरला रोखलेले ६१,००० रुपये देणे होते. ग्रॅच्युइटीचा हिशेबही सरळ होता. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. त्याला पंधरा भागिले सव्वीस लावले की वर्षाला १५,००० येतात आणि सात पूर्ण वर्षांचे १,०५,०००, उशिराचे व्याज वेगळे. मालकांची इच्छा होती की, ३३,६०० रुपये यातूनच कापून घ्यावेत. मी तसे करू दिले नाही. ग्रॅच्युइटीला हात लावण्याचे एकही निमित्त कागदावर नको होते. इंजिनिअरने ३३,६०० रुपयांचा वेगळा चेक दिला आणि कंपनीने तिची रक्कम पूर्ण दिली. थांबविलेल्या तीन आठवड्यांसाठी कंपनीने ४०,००० रुपये दिले. त्यातला निम्मा भार माझ्या फीमधून कमी करावा, असे मीच सुचविले. दोन्ही कोरे चेक आणि ते हस्तलिखित मूळ प्रतीसह परत गेले.

वेगळे काय करता आले असते

नोटीसीच्या बाबतीत मला शंका नाही. नव्या मालकाला लिहायचे होते तर एवढेच लिहायला हवे होते की, अमुक सात शीट आमच्या आहेत, त्या आपल्याकडे आल्यास वापरू नयेत. हे वाक्य कोणाची नोकरी थांबवत नाही आणि त्या फाउंड्रीलाही ते पाळणे सोयीचे असते. शून्य कलमाचा ‘दबाव’ म्हणून वापर केला की त्याचा खर्च आपल्याच पक्षकाराकडे परत येतो, हे मला ४०,००० रुपयांत कळले.

दुसरी गोष्ट करार करतानाची. हा इंजिनिअर इतका महत्त्वाचा होता, तर त्याच्याशी तीन वर्षांच्या मुदतीचा, ठरलेल्या पगारवाढीचा करार करता आला असता. त्या मुदतीत तो दुसरीकडे गेला असता तर गोलिकरीचा आधार खरोखर मिळाला असता. अर्थात अशा मुदतीत मालकही बांधला जातो आणि बहुतेक फाउंड्री मालक येथेच मागे सरतात. नोकरी संपल्यावर काही महिने पगार देऊन घरी बसवावे, हा उपाय मालकांनी मध्येच सुचविला होता. पण मुंबई उच्च न्यायालयाने व्ही. एफ. एस. ग्लोबल विरुद्ध सुप्रित रॉय या प्रकरणात अशा कलमालाही व्यापारास प्रतिबंधच मानले आहे. नोटीसीचा काळ वाढविणे, म्हणजे माणूस खरोखर नोकरीत असतानाचे दोन-तीन महिने मिळविणे, हे त्याहून सुरक्षित आहे.

प्रशिक्षण बाँडच्या बाजूने परिस्थिती नंतर थोडी बळकट झाली. मे २०२५ मध्ये विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा किंवा २ लाख रुपये ही अट कलम २७ च्या विरुद्ध नाही, असे ठरविले. तो निकाल सार्वजनिक बँकेच्या भरतीच्या खर्चाच्या संदर्भातला आहे. आमच्या तडजोडीच्या आधी तो आला असता तरी ३६ महिन्यांची अट वाचली असती, पण ८६,४०० चे ३ लाख झाले असते असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट कागदांची. मेथड शीट सर्वांना उघड्या असलेल्या फोल्डरमध्ये होत्या, त्यांच्यावर ‘गोपनीय’ असा साधा शिक्काही नव्हता आणि ईमेल कोणालाही करता येत होते. ज्याला आपण गुपित म्हणतो ते आपणच जपले नसेल, तर न्यायालयाला ते गुपित म्हणून पटविणे जड जाते. आम्ही सात शीटपर्यंत पोहोचलो ते प्रतिवादीच्या समजूतदारपणामुळेही. आता प्रत्येक कास्टिंगच्या शीटला क्रमांक आहे आणि ती कोणी उघडली याची नोंद राहते.

तडजोडीनंतर मी कंपनीसाठी नवा करार तयार केला. नोटीस तीन महिने, बाँड प्रत्यक्ष खर्चाइतका आणि महिन्यागणिक घटणारा, गोपनीय कागदांची जोडलेली यादी, आणि न्यायालय कोल्हापूरचे. मालकांनी मसुदा वाचून परत पाठविला, तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक ओळ वाढविलेली होती: ‘नोकरी सोडल्यावर एक वर्ष जिल्ह्यात फाउंड्रीत काम करणार नाही.’ फोनवर म्हणाले, ‘टिकत नाही ते माहीत हाय मला, पण असू दे की भीतीपुरतं.’ मी ती ओळ खोडली आणि मसुदा पुन्हा पाठविला. तो अजून सही होऊन आलेला नाही.